खुब्याचं हाड मोडलं तर: बडोद्यातले पहिले दोन दिवस आणि नंतरचे पाच आठवडे

प्रश्न: "मी न्यू जर्सीत, एच-वन-बीवर. बहीण मेलबर्नला. आई ७४, बाबा ७९, दोघंच दांडिया बाजारातल्या जुन्या घरात, पहिल्या मजल्यावर. गेल्या आठवड्यात आई बाथरूममध्ये घसरली. मुका मार लागला, निभावलं. दर महिन्याला पैसे पाठवतो, पण हाड मोडलं असतं तर पुढे काय, हे काहीच ठरलेलं नाही. पैसे कुठे ठेवू? माणूस कोणता ठेवू? आणि मी किती लवकर निघायला हवं?"

मी एकवीस वर्षं हाडांच्या वॉर्डात सिस्टर होते. गेली सात वर्षं बडोद्यात घरी पेशंट सांभाळायची व्यवस्था लावून देते, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त घरांतली मुलं परदेशात आहेत. म्हणून खुब्याचं हाड मोडलं असं धरूनच लिहिते. या वयात पडण्यातून होणाऱ्या मोठ्या दुखापतींत ही नेहमीची, आणि जी व्यवस्था हिला पुरते ती बाकी बऱ्याच आजारांनाही पुरते.

मला दिसणारी खरी अडचण पैशाची नाही आणि अंतराचीही नाही. पहिल्या सहा तासांत बडोद्यातलं कोण सही करणार, कोण पैसे भरणार आणि डॉक्टरांशी कोण बोलणार, याला तुमच्याकडे आज नाव नाही. ते नाव ठरलं की तुम्हाला त्याच रात्री विमानतळावर धावायची गरज बहुतेक वेळा उरत नाही. बाबांची तब्येत कशी आहे, त्यांना ऐकू किती येतं, गावात भाचा-पुतण्या कोणी आहे का, यावर बरंच अवलंबून आहे. ते तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून जिथे फरक पडेल तिथे सांगत जाते.

आधी एका घराची हकिकत सांगते. कारेलीबागेतली सोसायटी, काकू ७७ वर्षांच्या, काका ८३. मुलगा डॅलसला, मुलगी सिडनीला. शनिवारी पहाटे साडेचारला काकू बाथरूमला जाताना पडल्या. उठता येईना, उजवा पाय आखूड दिसत होता आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेलं होतं. ही खूण लक्षात ठेवा. अशा वेळी माणसाला उभं करून बघायचं नाही, पाय चोळायचा नाही, आहे तसं उशीचा आधार देऊन १०८ ला फोन करायचा. काकांनी आधी शेजाऱ्यांना बोलावलं, चौघांनी मिळून काकूंना उचलून गाडीत बसवलं. त्या बसवण्यात त्यांना जो त्रास झाला तो त्या अजून सांगतात.

सहा वाजता रुग्णालयात पोहोचल्या. काउंटरवर पन्नास हजार डिपॉझिट मागितलं. काकांचे पैसे सगळे एफडीत, एटीएमचा पिन आठवेना, यूपीआय मुलाने सुरू करून दिलं होतं पण फोन बदलल्यापासून बंद. मुलाच्या एनआरओ खात्यात पाच लाख पडून होते. त्याने लगेच नेटबँकिंग उघडलं, पण रुग्णालयाचं खातं त्याच्या यादीत नव्हतं, आणि नवीन नाव जोडल्यावर पहिले चोवीस तास मोठी रक्कम सोडायला त्याच्या बँकेची मनाई होती. अमेरिकेतून पाठवावेत तर शनिवार. शेवटी शेजारच्या भाईंनी स्वतःच्या कार्डावर भरले. म्हणजे पैसे होते, पण त्या सकाळी ज्याच्या हातात हवे होते त्याच्या हातात नव्हते.

म्हणून पैशाचं असं करा. बाबांच्या नावे एक वेगळं बचत खातं, त्यात दुसरं नाव बडोद्यातल्या ठरलेल्या माणसाचं, आणि व्यवहार 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' पद्धतीने, म्हणजे दोघांपैकी कुणाचीही एक सही पुरेल. घरची सगळी पुंजी त्यात ठेवायची नाही, दीड-दोन लाख पुरे. त्या माणसावर अविश्वास म्हणून हे सांगत नाही. उद्या कुणी नातेवाईक त्याच्याकडे बोट दाखवू नये, यासाठी रक्कम मर्यादित आणि हेतू एकच असलेला बरा. बाबांच्या मुख्य खात्यात तुमचं नाव जोडा. रहिवासी आई-वडिलांच्या खात्यात अनिवासी मुलाला याच पद्धतीने सहखातेदार करायला रिझर्व्ह बँकेची परवानगी आहे. शाखेत कधीकधी 'एनआरआयला चालत नाही' असं सांगतात, तेव्हा शाखा व्यवस्थापकांना भेटायचं. मात्र ते खातं तुम्ही वापराल ते आई-बाबांसाठी. तुमची स्वतःची भारतातली मिळकत एनआरओतच राहिली पाहिजे.

तिसरं काम तुम्ही आज रात्री बसून करू शकता. घराजवळची दोन रुग्णालयं ठरवा, जिथे हाडांचे डॉक्टर आणि अतिदक्षता विभाग दोन्ही आहेत. त्यांच्या बिलिंग विभागाकडून बँक खात्याचा तपशील मागून घ्या आणि तुमच्या एनआरओ खात्यात लाभार्थी म्हणून आत्ताच जोडून ठेवा. एनईएफटी आता चोवीस तास, सुट्टीच्या दिवशीही चालतं, त्यामुळे नाव आधी जोडलेलं असेल तर रविवारी पहाटेही डिपॉझिट तुम्ही न्यू जर्सीतून भरू शकता. बडोद्यातल्या माणसाचंही खातं जोडा आणि पाचशे रुपये पाठवून खात्री करा. तुम्ही आई-बाबांना पाठवता त्या पैशावर त्यांना आयकर लागत नाही. त्या पैशाची एफडी केली तर व्याज मात्र त्यांचं उत्पन्न धरलं जातं.

मुखत्यारपत्राबद्दल मुलं फार निर्धास्त असतात, म्हणून जरा थांबून सांगते. आपल्याकडचं साधं मुखत्यारपत्र देणारा माणूस शुद्धीत आणि विचार करण्याच्या स्थितीत असेपर्यंतच चालतं. त्याची मानसिक क्षमता गेली की ते कायद्याने संपतं. म्हणजे पक्षाघातानंतर किंवा पुढे गेलेल्या स्मृतिभ्रंशात, जेव्हा तुम्हाला त्या कागदाची सर्वात जास्त गरज असते, तेव्हाच तो निरुपयोगी होतो आणि पालकत्वासाठी न्यायालयात जावं लागतं. खात्यावर दुसरं नाव असणं म्हणूनच जास्त उपयोगाचं. नुसता हात चालत नसेल, डोकं शाबूत असेल, तर बँकेत अंगठ्याचा ठसा दोन साक्षीदारांसमोर चालतो, त्यातला एक बँकेचा अधिकारी असतो. त्यासाठी बँकेचा माणूस घरी किंवा रुग्णालयातही येऊ शकतो, मागावं लागतं.

मेडिक्लेम असेल तर पॉलिसीत एकच ओळ शोधा: खोलीचं भाडं. कारेलीबागेच्या काकूंची पॉलिसी तीन लाखांची, खोलीला रोज एक टक्का, म्हणजे तीन हजार. मुलाने फोनवरून सांगितलं, 'आईला चांगली खोली द्या', आणि सहा हजारांची घेतली. खोलीचा फरक भरायला तो तयारच होता. पण मर्यादेबाहेरची खोली घेतली की डॉक्टरांची, ऑपरेशन थिएटरची फीसुद्धा त्याच प्रमाणात कापली जाते. औषधं आणि इम्प्लांट त्यातून सुटतात, बाकी निम्मं अंगावर आलं. दोन लाख तीस हजारांच्या बिलात त्र्याऐंशी हजार घरचे गेले, त्यातले खोलीच्या भाड्याच्या फरकाचे फक्त पंधरा हजार. ही सूचना खाटेशी उभ्या असलेल्या माणसाला आधी माहीत पाहिजे, कारण खोली तोच निवडतो. तुमचे आई-बाबा दोघंही सत्तरीच्या पुढचे आहेत, त्यामुळे उत्पन्न काहीही असलं तरी आयुष्मान भारतचं 'वय वंदना' कार्ड त्यांना मिळतं आणि वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण दोघांत मिळून असतं. ते फक्त योजनेतल्या रुग्णालयांत चालतं. मी म्हटलेली दोन रुग्णालयं निवडताना त्यातलं एक या यादीतलं घ्या.

आता तो माणूस. भाचा असो, बाबांचा जुना विद्यार्थी असो किंवा शेजारी, त्याला 'लक्ष ठेव' एवढंच सांगू नका. त्याला काय करायचं ते स्पष्ट सांगा: रात्री फोन उचलायचा, १०८ बरोबर किंवा मागून जायचं, डिपॉझिट भरायचं, संमतीच्या कागदावर नातेवाईक म्हणून सही करायची आणि डॉक्टरांचा व तुमचा फोन जोडून द्यायचा. आई शुद्धीत असली तर संमती तिचीच असते. पण वय आणि धोका बघून रुग्णालय नातेवाइकाचीही सही मागतं आणि व्हिडिओ कॉलवर सही होत नाही. त्याच्याकडे एक फाइल द्या: दोघांची आधार कार्डं, मेडिक्लेम आणि आयुष्मान कार्ड, शेवटचा ईसीजी आणि इको, आणि चालू औषधांची यादी. यादीत रक्त पातळ करणारी गोळी असेल तर लाल शाईने लिहा. कोणती गोळी आणि शेवटची कधी घेतली, यावर भूल कोणती द्यायची आणि ऑपरेशन कधी करायचं हे ठरतं, आणि रात्रीच्या घाईत वृद्ध माणसं नेमकं तेच सांगायला विसरतात. असा माणूस नसेलच तर पगारी व्यवस्था करता येते, पण ती पडायच्या आधी करावी लागते. पहाटे पाचला अनोळखी संस्था कुणाच्या संमतीवर सही करत नाही.

ऑपरेशन साधारण चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत झालेलं चांगलं. जास्त दिवस खाटेवर पडून राहिलं की छातीत कफ, पायात रक्ताची गाठ आणि पाठीला जखम, ही तिन्ही संकटं जवळ येतात. मोडलं कुठे आहे त्यावर अर्धा सांधा बदलायचा की आतून खिळा घालायचा हे ठरतं. ते डॉक्टरांवर सोडा. तुम्ही फोनवर दोन गोष्टी विचारायच्या: उशीर होणार असेल तर कशासाठी, आणि दुसऱ्या दिवशी पेशंटला खाटेवरून उठवणार का. बहुतेकांना उठवतात, आणि उठवलंच पाहिजे.

दुसऱ्या-तिसऱ्या रात्री एक प्रकार होतो, त्याची कल्पना घरच्यांना कुणी दिलेली नसते. पेशंट रात्री वेगळंच बोलायला लागतो. काकू म्हणाल्या, 'सूरसागरला घेऊन चला, आई वाट बघतेय.' चादर ओढत होत्या, सलाइन काढून टाकलं. काकांना वाटलं, डोक्यावर परिणाम झाला, आता ही अशीच राहणार. तसं नसतं. याला डेलिरियम म्हणतात, आणि त्यामागे बहुतेक वेळा शोधण्यासारखं कारण असतं: सोडियम उतरलेलं, लघवीतला संसर्ग, तीन दिवस पोट साफ नाही, वेदना, एखादं झोपेचं औषध, किंवा नुसता चष्मा आणि कानाचं यंत्र घरी राहिलेलं. सिस्टरना तेव्हाच सांगायचं, सकाळची वाट बघायची नाही. चष्मा लावायचा, दिवसा खिडकी उघडी ठेवायची, ओळखीचं माणूस जवळ बसवायचं आणि मराठीत बोलायचं. काकूंचं सोडियम उतरलेलं निघालं आणि तीन दिवसांत त्या पूर्ववत झाल्या. तुम्हाला अशा रात्री घाबरलेला फोन येईल, म्हणून आधी सांगितलं.

आता निघायचं कधी. कारेलीबागेच्या मुलाने वीस मिनिटांत तिकीट काढलं. ऑपरेशन रविवारी दुपारी झालं, तो सोमवारी पहाटे पोहोचला. बहीणही त्याच दिवशी सिडनीहून आली. गुरुवारी डिस्चार्ज झाला आणि पुढच्या बुधवारी दोघंही परत गेले, कारण दोघांची रजा तेवढीच होती. टाके निघाले तेव्हा घरात काका आणि नवीन आलेली आया. अठराव्या दिवशी मी पहिल्यांदा त्या घरी गेले, तेव्हा काकूंच्या माकडहाडावर जखम झालेली होती आणि टाच काळी पडायला लागली होती. ती जखम भरायला अडीच महिने लागले. ऑपरेशन उत्तम झालं होतं, मुलंही धावून आली होती, पण सगळी रजा पहिल्या दहा दिवसांतच संपली.

न्यू जर्सीतल्या तुमच्या दारापासून दांडिया बाजारापर्यंत तीस तासांच्या आत क्वचितच येणं होतं. आंतरराष्ट्रीय विमान अहमदाबादला घ्यावं, तिथून एक्सप्रेसवेने गाडीला दोनेक तास. मुंबईला उतरलात तर पुढे विमान किंवा चार-पाच तासांची रेल्वे. म्हणजे घाई करूनही ऑपरेशनच्या आधी पोहोचाल याची खात्री नाही. आणि पोहोचलात तरी रुग्णालयात काळजी घ्यायला सिस्टर असतात, तुम्ही खुर्चीवर बसून राहता. घरी आणल्यावर मात्र कुणी नसतं. म्हणून माझा सल्ला असा: खाटेशी माणूस उभा असेल आणि पेशंट स्थिर असेल, तर डिस्चार्जच्या आदल्या दिवशी पोहोचेल असं तिकीट काढा, आणि बहिणीने तुमच्या नंतर यावं, तुमच्याबरोबर नाही. मध्ये दोन दिवस दोघं एकत्र असाल एवढंच ठेवा. दोन-अडीच आठवडे तुमचे, तितकेच तिचे, असे पहिले पाच आठवडे झाकले जातात.

याला अपवाद आहेत. ताबडतोब निघायचं, जर पेशंटला श्वासाच्या मशीनवर घ्यावं लागलं, रक्तात संसर्ग पसरल्याचं सांगितलं, सोबत हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात झाला, किंवा मागे राहिलेल्या बाबांना रात्री एकटं ठेवताच येत नसेल. शंका असेल तेव्हा डॉक्टरांना सरळ विचारा: 'तुमची आई असती तर तुम्ही आज निघाला असता का?' या प्रश्नाला ते आकड्यांत उत्तर देत नाहीत, मनातलं सांगतात.

रजेसाठी एक गोष्ट तुमच्या ऑफिसात आजच विचारून ठेवा. अमेरिकेतल्या एफएमएलए कायद्यात गंभीर आजारी आई-वडिलांच्या काळजीसाठी वर्षात बारा आठवड्यांपर्यंत बिनपगारी रजा मिळते. तुम्ही तिथे वर्षभर आणि पुरेसे तास काम केलेलं असावं आणि कंपनीत पन्नास किंवा अधिक माणसं असावीत. आई-वडील भारतात असले तरी चालतं. फॉर्म भारतातल्या डॉक्टरांनी भरून दिलेला चालतो, म्हणून डिस्चार्जच्या वेळी तो सही-शिक्क्यानिशी घ्या. सासू-सासरे मात्र त्या कायद्यात बसत नाहीत. दुसरं, पासपोर्टवरचा व्हिसा स्टॅम्प कधी संपतो ते बघा. संपलेला असेल तर येता येईल, पण परतायला इथे नवीन स्टॅम्प घ्यावा लागेल आणि मुलाखतीची तारीख कधी मिळेल ते तुमच्या हातात नसतं. ग्रीन कार्डचा अर्ज चालू असेल तर देश सोडण्याआधी वकिलाला विचारल्याशिवाय निघू नका. मुलांकडे अमेरिकी पासपोर्ट असेल तर त्यांचं ओसीआय आत्ताच करा, त्या आठवड्यात व्हिसासाठी धावायला नको.

एक अवघड गोष्टही आत्ताच बोलून ठेवावी लागते. तुम्ही वाटेत असताना काही झालं तर थांबायचं की नाही? आपल्याकडे शक्यतो त्याच दिवशी अंत्यसंस्कार होतात. शवागारात किंवा शीतपेटीत एक-दोन दिवस ठेवता येतं, पण घरात बसलेल्या माणसाला तो वेळ फार जड जातो. आई-बाबांना स्वतःलाच विचारा. मी विचारलेले बहुतेक जण म्हणाले, 'थांबू नका, तो दहाव्याला आला तरी चालेल.' हे त्यांच्या तोंडून ऐकलेलं असेल तर तुम्ही आणि इथे असलेला माणूस दोघंही त्या रात्री अपराधी वाटण्यापासून वाचता.

आता घरची व्यवस्था. दांडिया बाजारातली जुनी घरं मला माहीत आहेत. जिना अरुंद, वळणावर स्ट्रेचर फिरत नाही, पेशंटला खुर्चीत बसवून चौघांनी न्यावं लागतं. आणि अर्धा सांधा बदलला असेल तर सहा ते बारा आठवडे खाली बसायचं नाही, बुटक्या आसनावर नाही, पाय एकमेकांवर टाकायचे नाहीत. घरात भारतीय संडास असेल तर आई पहिल्या दिवसापासून अडकते. कमोड खुर्ची, वॉकर आणि डोकं वर होणारी खाट, तिन्ही बडोद्यात भाड्याने मिळतात. खाट आधी दारातून जाते का ते मोजून घ्या. तळमजल्यावर एखादी खोली सहा आठवड्यांसाठी मिळत असेल तर ती घ्या. फिजिओथेरपिस्ट जिना चढून येईल, पण आई खाली उतरू शकणार नाही आणि तिचं चालणं खोलीपुरतंच राहील.

माणूस ठेवताना आधी हे ठरवा की काम कोणतं आहे. इंजेक्शन, ड्रेसिंग, लघवीची नळी असेल तर शिकलेली सिस्टर, आणि तीही बहुधा दिवसातून एक फेरी पुरते. उठवणं, कमोडवर बसवणं, अंघोळ, कूस बदलणं यासाठी आया, जिला आपल्याकडे सगळे बेन म्हणतात. बाबांसाठी गरज पडली तर पुरुष अटेंडंट. 'चोवीस तासांची बाई' म्हणून ब्युरो देतात, त्यात माझा अनुभव असा की रात्री तीनदा उठावं लागणारा पेशंट असेल तर चौथ्या दिवशी ती बाई थकते, सहाव्या दिवशी पेशंटला डायपरमध्येच करायला सांगते, आणि तिथून पाठीची जखम सुरू होते. कारेलीबागेत हेच झालं. ती बाई आळशी नव्हती, सलग झोप तिला आठवडाभर मिळालीच नव्हती. पहिले तीन आठवडे बारा-बारा तासांच्या दोघी ठेवा. पुढे पेशंट वॉकरने स्वतः जायला लागला की रात्रीची एकटी पुरते. त्या घरी आम्ही दोघींना मिळून रोज सोळाशे रुपये देत होतो, म्हणजे महिन्याचे अठ्ठेचाळीस हजार. तीन आठवड्यांपुरता हा खर्च ऑपरेशनच्या खर्चातच धरून बाजूला ठेवा.

ब्युरोकडून लेखी घ्या की बाई बदलायची झाली तर जुनी आणि नवीन एक पाळी एकत्र काम करतील. पोलिसांत नोंद करा. दागिने आणि एटीएम कार्ड त्यांच्या येण्याआधी लॉकरमध्ये जाऊ द्या. यात बेनचाही मान राहतो, कारण पुढे काही सापडलं नाही तर पहिला संशय तिच्यावर जातो. औषधांना पैसे तुमच्या इथल्या माणसाने द्यायचे, बेनने नाही. आणि पाच दिवसांची औषधं व डायपर घरात जास्तीचे असू द्या. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीला पूर आला तेव्हा माझ्या तीन घरांत दिवसपाळीची बाई दोन दिवस पोहोचू शकली नाही आणि रात्रीच्या बेननीच सगळं ओढलं.

तुम्ही परत गेल्यावर व्हिडिओ कॉलवर 'कशी आहेस' विचारून काही कळत नाही. आई 'बरी आहे' असंच म्हणणार. त्याऐवजी बेनला विचारा: आज किती वेळा खाटेवरून उठवलं, पोट कधी साफ झालं, पाणी किती गेलं. आठवड्यातून दोनदा फोन टाचांवर आणि माकडहाडावर धरायला सांगा. लाल झालेल्या जागी अंगठा दाबून सोडला आणि ती पांढरी झालीच नाही, तर जखम सुरू झाली आहे असं समजून त्याच दिवशी सिस्टर बोलवा. एकाच पोटरीला सूज आणि दुखणं, किंवा अचानक धाप लागणं, हे आलं तर घरी वाट न बघता रुग्णालय. रक्त गोठू नये म्हणून दिलेली गोळी किंवा इंजेक्शन साधारण महिनाभर असतं. ते डिस्चार्जच्या कागदावर शेवटच्या ओळीत असतं आणि पहिल्या आठवड्यानंतर 'संपलं' म्हणून बंद केलेलं मी कितीदा पाहिलंय.

आणखी एक, जे बहुतेक घरांत राहून जातं. पडून मोडलेलं हाड म्हणजे हाडं ठिसूळ झाली आहेत. खुबा जोडला, पण हाडांचं औषध सुरूच झालं नाही, तर दुसरी बाजू मोडायची भीती राहते. टाके काढायला जाल तेव्हा डॉक्टरांना 'ऑस्टिओपोरोसिसचं औषध कधी सुरू करायचं' हे शब्दशः विचारा. वर्षातून एकदा देतात असं इंजेक्शनही आहे, पण त्याआधी मूत्रपिंडाची तपासणी आणि व्हिटॅमिन डी बघावं लागतं.

तुमच्या आईचं हाड या वेळी वाचलं आहे, म्हणून हाच प्रश्न तिच्यासाठी आज विचारता येतो. हाडांच्या घनतेची डेक्सा तपासणी, डोळ्यांची तपासणी, आणि बसून व उभं राहून असं दोन वेळा मोजलेलं ब्लड प्रेशर, एवढं या महिन्यात करून घ्या. उभं राहिल्यावर प्रेशर वीस किंवा जास्त उतरत असेल तर रात्रीच्या गोळ्यांची वेळ बदलून डॉक्टर बघतील. ती कोणत्या वेळी पडली ते विचारा: पहाटे लघवीला उठताना पडली असेल तर शंका आधी गोळीवर आणि अंधारावर, अंघोळीच्या वेळी पडली असेल तर फरशीवर. बाथरूममध्ये संडासाच्या उजव्या हाताला आणि नळाजवळ असे दोन स्टीलचे दांडे भिंतीत बोल्टने बसवून घ्या. चिकटवायचे रबरी नकोत, अंगाचा भार आला की ते सुटतात. मिस्त्री आला की त्याला दांड्याला लटकून दाखवायला सांगा, आणि त्या वेळी तुमचा ठरलेला माणूस तिथे उभा असू द्या. त्या निमित्ताने आई-बाबांची आणि त्याची घरात पहिली भेट होऊन जाईल.